आजीविकांच्या खटल्यात सगळे साक्षीदार फिर्यादीचेच

बिहारमधल्या बराबरच्या डोंगरातल्या, आरशासारख्या घोटलेल्या भिंतींच्या गुहांचं छायाचित्र कुणीतरी टाकतं आणि दर वेळी तोच वाद नव्यानं पेटतो. एक बाजू म्हणते की आजीविक, म्हणजे बुद्ध-महावीरांच्या काळातल्या मक्खली गोशालाचा श्रमणपंथ, हा या भूमीचा खरा बहुजन धर्म होता, तो वेद, यज्ञ आणि जात नाकारणारा होता, बुद्धिवादी होता, म्हणूनच तो पद्धतशीरपणे पुसला गेला. दुसरी बाजू हसून विचारते: सगळं नियतीनंच ठरलंय म्हणणारा पंथ, त्याला पुसायला कोण कशाला हवं? हातपाय हलवून उपयोग नाही असं शिकवणारे आळशी लोक आपोआप संपले. पहिल्यांना आजीविकांमध्ये आपला हरवलेला पूर्वज सापडतो, दुसऱ्यांना दैववादाचा धडा. गंमत म्हणजे दोघेही ज्या दोन-चार वाक्यांवर विसंबून भांडतात, ती वाक्यं आजीविकांची नाहीतच. ती त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी लिहिलेली आहेत.

माझं म्हणणं आधीच मांडतो. आजीविक नियतिवादी होते, हे मला मान्य आहे. पण नियतिवादामुळे ते निष्क्रिय होते, नीतिशून्य होते, किंवा त्यामुळेच ते नाहीसे झाले, या तिन्ही गोष्टी उपलब्ध पुराव्यावर टिकत नाहीत. आणि ते समतावादी बंडखोर होते, हेही टिकत नाही. हा असा खटला आहे ज्यात सगळे साक्षीदार फिर्यादीच्या बाजूचे आहेत आणि आरोपीचा जबाब कधी नोंदवलाच गेला नाही. अशा खटल्यात साक्षी फेकून द्यायच्या नसतात, उलटतपासणी घ्यायची असते.

सर्वांत जास्त उद्धृत होणारी साक्ष बौद्धांच्या दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तातली आहे. पौर्णिमेच्या रात्री मगधाचा राजा अजातशत्रू राजगृहातल्या जीवकाच्या आमराईत बुद्धाला भेटायला जातो. श्रमण होण्याचं याच जन्मी दिसणारं फळ काय, हा त्याचा प्रश्न. हाच प्रश्न आपण आधी इतर सहा आचार्यांना विचारला होता, असं तो सांगतो आणि त्यांची उत्तरं एकेक करून ऐकवतो. पूरण कस्सप, मक्खली गोशाल, अजित केसकंबली, पकुध कच्चायन, निगण्ठ नातपुत्त म्हणजे महावीर, आणि संजय बेलट्ठिपुत्त. त्यातलं गोशालाचं उत्तर असं: प्राण्यांच्या मलिन होण्याला कारण नाही, शुद्ध होण्यालाही कारण नाही. स्वतःच्या करण्यानं काही होत नाही, दुसऱ्याच्या करण्यानं होत नाही, पुरुषार्थ नाही, बळ नाही, वीर्य नाही. चौऱ्याऐंशी लाख महाकल्प मूर्ख आणि पंडित दोघांनाही सारखेच फिरायचे आहेत. सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसंच हे. शीलानं, व्रतानं, तपानं त्यात काही कमी होत नाही, वाढत नाही. अजातशत्रू या सहाही उत्तरांवर वैतागून म्हणतो की आंब्याबद्दल विचारावं आणि भलत्याच फळाबद्दल सांगावं, तसला हा प्रकार.

आता उलटतपासणी. या सहा जणांपैकी पाच जणांची परंपरा आज आपल्यासमोर नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडी घातलेलं बरोबर आहे की नाही हे थेट ताडून पाहता येत नाही. पण सहाव्याची परंपरा जिवंत आहे. जैनांचे आगम आहेत, साधू आहेत, श्रावक आहेत. मग त्यांच्या बाबतीत हे सुत्त किती विश्वासू आहे? निगण्ठ नातपुत्ताच्या तोंडी इथे चार प्रकारच्या संवराचं, म्हणजे संयमाचं, एक कोड्यासारखं वाक्य घातलं आहे: निर्ग्रंथ सर्व ‘वारी’ने आवरलेला, सर्व ‘वारी’ने जोडलेला, वगैरे. जैन आगमांप्रमाणे चार यमांचा उपदेश पार्श्वनाथांचा. महावीरांची महाव्रतं पाच. आणि त्या चार यमांतही हे वाक्य नाही. तिथे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह आहेत. कर्म, त्याचा आत्म्याशी होणारा बंध, तपानं होणारी त्याची झीज, म्हणजे ज्याला कोणताही जैन आपल्या धर्माचा गाभा म्हणेल, त्यातलं जवळपास काहीच या उत्तरात नाही. म्हणजे ज्या एकाची खातरजमा करता येते, त्याचं मत हे सुत्त धड सांगत नाही. मग ज्यांची खातरजमा करता येत नाही, त्यांचं मात्र शब्दन्‌शब्द बरोबर सांगितलं असेल, असं कोणत्या न्यायानं धरायचं?

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. बौद्ध आणि जैन एकमेकांचेही विरोधक होते. त्यांनी मिळून आजीविकांविरुद्ध कट केला, असं म्हणायला जागा नाही. तरीही दोघं गोशालाला नियतिवादीच म्हणतात. त्याहून ठोस गोष्ट अशी की सामञ्ञफल सुत्तातली चौऱ्याऐंशी लाख महाकल्पांची संख्या आणि ‘सात दिव्य, सात गर्भ’ अशा थाटाच्या याद्या जैनांच्या भगवतीसूत्राच्या पंधराव्या प्रकरणातही येतात. दोन वेगवेगळ्या भाषांत, दोन विरोधी पंथांच्या ग्रंथांत इतकी विचित्र यादी सारखी येते, याचा सरळ अर्थ असा की तिच्यामागे आजीविकांचं स्वतःचं काही मूळ वचन होतं. आजीविकांवरचा पायाभूत इतिहास 1951 मध्ये लिहिणाऱ्या ए. एल. बॅशम यांचाही कल तसाच आहे. भगवतीसूत्र तर महाकल्पाचं मापही देतं. गंगेच्या सातपट महागंगा, तिच्या सातपट पुढची, अशा सहा पायऱ्या चढत 1,17,649 गंगांइतकी वाळू कल्पायची. शंभर वर्षांनी त्यातला एक कण काढायचा. सगळी वाळू संपायला लागेल तो एक ‘सर’. असे तीन लाख सर म्हणजे एक महाकल्प. सातचा सहावा घात 1,17,649 च येतो, हिशेब चोख आहे. कुणाची टिंगल करायला इतकी मोजदाद कुणी करत नाही. ही ज्यानं मांडली, त्याला विश्वाचा काळ खरोखर मोजायचा होता.

तिसरी साक्ष व्याकरणकारांची. पतंजलीच्या महाभाष्यात मस्करी परिव्राजकांबद्दल, मस्करी हे मक्खलीचंच संस्कृत रूप, येतं: ‘मा कृत कर्माणि, शान्तिर्वः श्रेयसी’. कर्मं करू नका, शांती तुमच्यासाठी श्रेयस्कर. पतंजली बौद्ध नाही आणि जैनही नाही. तेव्हा नियतिवाद हा आजीविकांवर लादलेला आरोप नाही, ती त्यांची खरी भूमिका होती, हे कबूल करून पुढे जाऊ या. जे लोक आज ‘नियतिवाद ही बदनामी आहे, मूळ आजीविक विज्ञानवादी होते’ असं म्हणतात, त्यांनी गंगेच्या वाळूचा हा हिशेब कुठे बसवायचा ते सांगावं.

पण नियतिवाद मान्य केला म्हणजे निष्क्रियता सिद्ध झाली का? इथेच वादातली खरी गफलत आहे. जैन आणि बौद्ध ग्रंथ आजीविकांचं तत्त्वज्ञान सांगताना त्यांना अक्रियावादी म्हणतात आणि तेच ग्रंथ आजीविकांचा दिनक्रम सांगताना भलतंच चित्र रंगवतात. ते नग्न फिरत. अन्न पात्रात नाही, हातावर घेऊन खात. जैनांचं औपपातिक सूत्र आजीविक भिक्षूंचे नियम नोंदवतं: कुणी दोन घरं सोडून भिक्षा मागे, कुणी तीन, कुणी सात, कुणी मोठ्या मातीच्या भांड्यात बसून तप करी. स्थानांग सूत्र त्यांच्या चार प्रकारच्या तपांची नोंद करतं: उग्र तप, घोर तप, रसत्याग आणि जिभेवर ताबा. लक्षात घ्या, तपश्चर्येच्या बाबतीत कुणालाही सहजासहजी प्रशस्तिपत्र न देणारे जैन हे लिहीत आहेत.

आणि गृहस्थांचं काय? भगवतीसूत्राच्या आठव्या प्रकरणात आजीविक उपासकांचे नियम आहेत. पाच फळं वर्ज्य: उंबर, वड, बोर, सतर आणि पिलंखू. कांदा, लसूण, कंदमुळं वर्ज्य. न खच्ची केलेल्या, नाक न टोचलेल्या बैलांवर आणि त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या, जीवांची हिंसा न होईल अशाच व्यवसायावर उपजीविका. खरं तर ही यादी तिथे जैन श्रावकांना लाजवण्यासाठी आली आहे: आजीविकांचे उपासकसुद्धा इतकं पाळतात, मग तुम्ही श्रमणोपासकांनी किती पाळायला हवं! ज्यांना पाप-पुण्याची पर्वा नाही असं एकीकडे सांगायचं, त्यांचेच उपासक आपल्या लोकांपुढे आदर्श म्हणून उभे करायचे. हा विरोधाभास ग्रंथकारांचा आहे, आजीविकांचा नाही. बैलाच्या नाकात वेसण घालू नये, हा विचार करणारा माणूस नीतिशून्य कसा?

‘पण मग ते तर्कदुष्ट होते ना? सगळं ठरलेलं असेल तर तप कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आजीविकांच्या चौकटीतच मिळतं. तप केल्यानं मुक्ती लवकर येते, असं ते म्हणतच नव्हते. ज्याचा सुताचा गुंडा संपत आला आहे, तो तप करतोच. तप हे मुक्तीचं कारण नसून ती जवळ आल्याचं लक्षण आहे. ही भूमिका पटो न पटो, ती आतून सुसंगत आहे. सोळाव्या शतकातल्या जिनिव्हात जॉन कॅल्विनच्या अनुयायांनी जवळपास हाच विचार मानला. कोण तरणार आणि कोण बुडणार, हे देवानं आधीच ठरवलेलं आहे, माणसाच्या सत्कृत्यांनी त्यात फरक पडत नाही. मग ते लोक हातावर हात ठेवून बसले का? उलट युरोपातल्या सर्वांत कामसू, शिस्तखोर आणि आपल्या वागण्याचा सतत हिशेब ठेवणाऱ्या लोकांत त्यांची गणना झाली. आपण निवडलेल्यांपैकी आहोत याची खूण माणूस आपल्याच आचरणात शोधू लागतो. नियतीवर विश्वास ठेवणारा माणूस आळशीच होतो हा निष्कर्ष तर्कातून काढलेला आहे, अनुभवातून नाही.

सद्दालपुत्ताची गोष्ट इथे नीट पाहण्यासारखी आहे, कारण नियतिवाद खोडून काढणारा सर्वांत प्रसिद्ध युक्तिवाद तिच्यात आहे. उवासगदसाओ या जैन आगमाच्या सातव्या अध्ययनात ती येते. पोलासपूरचा हा कुंभार आजीविक उपासक. कुंभार म्हटलं की आपल्यासमोर चाकावर वाकलेला गरीब माणूस येतो, पण याच्या मालकीची पाचशे कुंभारशाळा-दुकानं आहेत, तीन कोटी सुवर्ण आहे (एक कोटी पुरलेलं, एक व्याजी लावलेलं, एक संसारात गुंतलेलं), आणि दहा हजार गुरांचा कळप. महावीर त्याच्याकडे येतात. उन्हात वाळत घातलेली मडकी पाहून विचारतात: ही मडकी कशी झाली? तो सांगतो, आधी माती, मग तिच्यात पाणी मिसळलं, राख आणि शेण कालवलं, चाकावर चढवली. महावीर विचारतात, मग हे प्रयत्नानं झालं की प्रयत्नाविना? सद्दालपुत्त आपल्या मताला धरून म्हणतो, प्रयत्नाविना. सगळे भाव नियत आहेत. तेव्हा महावीर म्हणतात: कुणी ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझी बायको अग्गिमित्ता हिच्याशी दुर्वर्तन केलं, तर तू काय करशील? सद्दालपुत्त उसळून म्हणतो, शिव्या देईन, मारीन, जीवसुद्धा घेईन. महावीर म्हणतात, मग प्रयत्न नाही, सगळं नियत आहे, हे तुझं म्हणणं खोटं ठरलं. कारण ज्यानं काही केलंच नाही, त्याला तू मारतोस कशाला? कुंभार निरुत्तर होतो आणि श्रावक बनतो.

युक्तिवाद धारदार आहे, यात शंका नाही. सगळं ठरलेलं असेल तर दोष देण्याला अर्थ काय, हा प्रश्न आजही नियतिवाद्याला सतावणारा आहे, आणि गुन्ह्याची जबाबदारी कुणाची यावर न्यायालयांत वाद होतात तेव्हा तो वेगळ्या वेषात पुढे येतोच. पण सद्दालपुत्ताला जे उत्तर सहज देता आलं असतं, ते गोष्ट त्याला देऊ देत नाही. ‘चोरानं चोरणं जसं नियत, तसं माझं उसळणंही नियत. मी त्याला मारतो ते तो स्वतंत्र होता म्हणून नाही. मडकं आणि माती जशी आहे तसा मी आहे म्हणून.’ हे उत्तर पुरेसं आहे, असा माझा दावा नाही. मला स्वतःला ते पुरेसं वाटत नाही. अशा जगात न्याय आणि सूड यांच्यात फरक उरत नाही. पण प्रतिपक्षाचं पुढचं पाऊल लपवून जिंकलेला वाद हा पूर्ण जिंकलेला वाद नव्हे. आणि गोष्ट तिथे थांबत नाही. पुढे गोशाल स्वतः सद्दालपुत्ताकडे येतो, महावीरांचे एकामागून एक गोडवे गातो, आणि ‘माझ्या धर्माचार्यांशी वाद करशील का?’ असं विचारल्यावर ‘मी समर्थ नाही’ असं सांगतो! विरोधकाच्या तोंडी आपल्या गुरूची स्तुती आणि स्वतःच्या पराभवाची कबुली घालणारा ग्रंथ वाचताना सावध राहायला नको का?

भगवतीसूत्रातल्या गोशालाच्या चरित्राचंही तसंच. नालंद्याला महावीरांचं शिष्यत्व पत्करण्याची त्याची धडपड, सहा वर्षांचा सहवास, तिळाच्या रोपाचा प्रसंग. हे रोप फळेल का, असं गोशालानं विचारलं. फळेल, सात जीव पुन्हा याच झाडाच्या एका शेंगेत सात तीळ होऊन जन्मतील, असं महावीर म्हणाले. गोशालानं ते मुद्दाम उपटून टाकलं, पाऊस पडला, रोप पुन्हा रुजलं, शेंगेत सात तीळ निघाले. त्यावरून सगळेच जीव मेल्यावर त्याच शरीरात पुन्हा जगू शकतात, असा सिद्धांत गोशालानं बांधला, असं जैन म्हणतात. मग दोघे वेगळे झाले. श्रावस्तीत हालाहला नावाच्या कुंभारणीच्या कारखान्यात त्याचं ठाणं होतं. अनेक वर्षांनंतर महावीरांशी झालेल्या भांडणात त्यानं तेजोलेश्या, म्हणजे तपानं मिळवलेली जाळणारी शक्ती, सोडली, ती उलटून त्यालाच लागली. सात दिवस तापानं फणफणत, हातात आंबा, मातीचं गार पाणी अंगावर शिंपडत, नाचत-गात, हालाहलेला हात जोडत तो मेला.

हे चित्र निर्दय आहे. पण त्याच्याच आत एक वेगळी गोष्ट दडलेली आहे. आजीविकांच्या मते गोशालाच्या अखेरच्या दिवसांत आठ ‘चरम’ गोष्टी घडल्या: शेवटचं पेय, शेवटचं गाणं, शेवटचं नृत्य, शेवटचा नमस्कार, शेवटचा महामेघ, शेवटचा सेचनक हत्ती, मोठमोठ्या दगडांची शेवटची लढाई, आणि शेवटचा तीर्थंकर म्हणजे स्वतः गोशाल. जैनांनी ज्याला वेड म्हणून रंगवलं, ते अनुयायांना महापुरुषाच्या निर्वाणाचं पर्व वाटत होतं. पेय, गाणं, नृत्य आणि नमस्कार त्यांच्या यादीत पवित्र आहेत. एकाच मृत्यूच्या दोन आवृत्त्या एकाच पानावर आहेत, फक्त वाचायची दिशा वेगळी.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू या, कारण ‘दडपलेला बहुजन धर्म’ ही मांडणी मला तितकीच ढिसाळ वाटते. आजीविकांचा आश्रय कुणी केला? सम्राट अशोकानं राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 257 च्या सुमारास, बराबरच्या डोंगरातल्या दोन गुहा आजीविकांना दिल्या. आज सुदामा म्हणतात ती त्यातलीच एक. तिथल्या शिलालेखात तिचं नाव न्यग्रोध गुहा आहे. त्याचा नातू दशरथ यानं अभिषेक होताच जवळच्या नागार्जुनी टेकडीवरच्या तीन गुहा, गोपिका, वहियका आणि वडथिका, चंद्रसूर्य असेपर्यंत त्यांना राहाव्यात म्हणून दिल्या. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात धर्ममहामात्र या अधिकाऱ्यांनी ज्यांच्याकडे लक्ष द्यायचं त्यांत बौद्ध संघ, ब्राह्मण आणि निर्ग्रंथ म्हणजे जैन यांच्याबरोबर आजीविकही आहेत. कठीण ग्रॅनाइट कोरून, घासून आरशासारखा करायला किती हात आणि किती पैसा लागला असेल! हा कुठल्याही परिघावरच्या लोकांचा पंथ नव्हता. मौर्यांच्या राजवटीत तो पहिल्या पंक्तीत होता.

समतेचं म्हणाल, तर बौद्धांच्या अंगुत्तरनिकायात आनंद बुद्धाला सांगतो की पूरण कस्सपानं माणसांच्या सहा अभिजाती रंगांनी पाडल्या आहेत. काळी, निळी, तांबडी, पिवळी, पांढरी आणि परम शुभ्र. काळ्यात खाटीक, पारधी, कोळी, चोर, वध करणारे, तुरुंगरक्षक. परम शुभ्रात फक्त तिघं: नंद वच्छ, किस संकिच्च आणि मक्खली गोशाल. बुद्धाचं यावरचं उत्तर मार्मिक आहे: हे जगानं मान्य केलं आहे का? कुणा गरिबाच्या पुढे त्याला नको असलेला मांसाचा तुकडा ठेवावा आणि ‘हे खा आणि पैसेही दे’ म्हणावं, तसं हे. पुन्हा, साक्ष विरोधकाची आहे. पण तिला सोडून द्यायचं असेल तर ‘आजीविक समतावादी होते’ याला कुठली साक्ष उरते? आणि हे सगळं वैदिकांनीच संपवलं, या दाव्याबद्दल एवढंच: कौटिल्याचं अर्थशास्त्र देव-पितृकार्यात शाक्य, आजीवक वगैरे प्रव्रजितांना जेवू घालणाऱ्याला शंभर पणांचा दंड सांगतं, हे खरं, पण त्यात बौद्धही आहेत. बराबरच्या काही लेखांतून ‘आजीविक’ हा शब्द नंतर कुणीतरी छिन्नीनं खरडला, हेही खरं. पुढे मौखरी राजा अनंतवर्म्यानं याच डोंगरांतल्या गुहांत कृष्णाची, शिव-पार्वतीची आणि कात्यायनीची स्थापना केली. पण छिन्नी चालवणाऱ्यानं सही केलेली नाही. दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात तर बुद्धाला निर्ग्रंथाच्या पायाशी दाखवणाऱ्या चित्रावरून चिडलेला अशोकच पुंड्रवर्धनात अठरा हजार आजीविकांची कत्तल करवतो. ती बौद्धांनी सांगितलेली कथा आहे, इतिहास नव्हे. पण कुणाच्या मनात आजीविकांबद्दल किती कडवटपणा होता, हे तिच्यातून दिसतं.

मग ते संपले कसे? ‘चुकीचं तत्त्वज्ञान होतं म्हणून’ या उत्तराला मी सरळ विचारतो: बौद्ध धर्म भारतात जवळपास संपला, तो कुठल्या चुकीमुळे? पंथ संपणं म्हणजे मत खोटं ठरणं असेल, तर हा न्याय सगळ्यांना लावावा लागेल. आणि आजीविक लवकर संपलेही नाहीत. वराहमिहिराच्या बृहज्जातकात संन्याशांच्या प्रकारांत ते आहेत. तमिळ प्रदेशात पल्लव काळापासून तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंतच्या शिलालेखांत ‘आसुव’ लोकांवरचा कर येतो. त्याचा अर्थ आजीविकांवरचा कर असा अनेक अभ्यासक लावतात. तो मान्य केला तर गोशालापासून हिशेब अठराशे वर्षांच्या वर जातो. आळशांचा पंथ इतका टिकत नाही.

फरक पडला तो पोथ्यांनी. बौद्धांचे ग्रंथ भारतात नष्ट झाले तरी श्रीलंकेत, तिबेटात, चीनमध्ये राहिले. जैनांकडे पोथ्यांची भांडारं आणि त्या पुन्हा पुन्हा नकलून घेणारा व्यापारी श्रावकवर्ग होता. आजीविकांकडे यातलं काहीच उरलं नाही. त्यांची शास्त्रं कुणीतरी नकलून काढायची थांबली आणि तिथेच त्यांचा आवाज तुटला. मराठी वाचकाला याची कल्पना यायला लांब जायला नको. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत बंद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि लीळाचरित्रासारखं आद्य मराठी गद्य बाहेर आलं. तोवर बाहेरच्यांना या पंथाबद्दल जे माहीत होतं, ते बव्हंशी त्याच्या निंदकांकडून. त्या पोथ्या मठात नसत्या, वाळवीनं खाल्ल्या असत्या, तर चक्रधरांचं काय चित्र आज आपल्या हाती असतं? महानुभावांच्या बाबतीत पोथ्या सापडल्या. गोशालाच्या बाबतीत नाही.

राहतो तो तमिळ भाग, ज्याकडे आपल्याकडच्या वादात कुणी फिरकतही नाही. मणिमेकलै या तमिळ महाकाव्यात वंजी नगरीत भेटलेला आजीविक आचार्य मर्कलीच्या, म्हणजे मक्खलीच्या, शास्त्राचा आधार देत पाच प्रकारचे अणू सांगतो: पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि जीव. हे अणू नवे होत नाहीत, नष्ट होत नाहीत, फुटत नाहीत. फक्त एकत्र येतात आणि वेगळे होतात. नीलकेशी या दुसऱ्या तमिळ काव्यात ते आणखी पुढे जातात. काहीच बदलत नाही, सगळं अविचल नित्य आहे; काळाचे आपल्याला दिसणारे तुकडेही खरे नाहीत. गंगेची वाळू मोजणाऱ्या पंथातूनच काळ नाकारणारं मत कसं निघालं? नियती पूर्णपणे मानली की भविष्य आधीच असतं, आणि भविष्य आधीच असेल तर बदल हा भास ठरतो, असा धागा मला तरी त्यात दिसतो. मणिमेकलै बौद्धांचं, नीलकेशी जैनांचं. म्हणजे इथेही साक्षीदार पुन्हा तेच आहेत. पण या साक्षीतला आजीविक रडत-नाचत मरत नाही, तो विश्वाची रचना समजावून सांगतो, आणि त्याचे विरोधक त्याला खोडण्यासाठी पानंच्या पानं खर्च करतात.